डिबेट प्रेझेंटेशन: कामं रोलप्रमाणे वाटायची की मुद्द्याप्रमाणे?

समजा ठराव आहे 'वर्गात मोबाईलवर बंदी असावी', दोन्ही बाजूंना चार-चार जण आणि प्रत्येक बाजूला 12 मिनिटं. आता वाटणी दोन प्रकारे करता येते.

पहिली म्हणजे रोलप्रमाणे. दोघं 3-3 मिनिटं मुद्दे मांडणार, तिसरा खंडन करणार, चौथा समारोप. दुसरी मुद्द्याप्रमाणे, म्हणजे एकाकडे 'लक्ष उडतं', दुसऱ्याकडे 'परीक्षेतली कॉपी', तिसऱ्याकडे 'झोप आणि सवय', आणि प्रत्येकाने आपल्या 3 मिनिटांतलं शेवटचं एक मिनिट त्याच मुद्द्यावरच्या खंडनाला द्यायचं, समारोप चौथ्याकडे.

मुद्द्याप्रमाणे वाटणी ऐकायला एकदम फेअर वाटते, आणि मार्क वैयक्तिक असतील तर बरीही पडते कारण सगळ्यांचं काम साधारण सारखंच दिसतं. पण समोरचे तुमच्या कप्प्यांप्रमाणे थोडीच बोलणार आहेत? ते म्हणाले 'इमर्जन्सीत घरी फोन कसा करायचा', तर हा मुद्दा तुमच्याकडे कुणाचाच नाही, सगळे एकमेकांकडे बघत बसतात. शिवाय तुमचा पहिला वक्ता समोरच्यांच्या आधी बोलत असेल तर तो खंडन करणार कशाचं, अंदाजाचंच ना.

रोलमध्ये ही भानगड नाही, पण सगळा भार खंडनवाल्यावर येतो. त्याला स्क्रिप्ट पाठ करून चालत नाही, त्यामुळे तयारीच्या वेळी तो रिकामा बसतो आणि स्टेजवर लटकतो. ओळखायचं कसं? त्याचं पहिलंच वाक्य 'माझ्या मित्राने सांगितल्याप्रमाणे' असं निघालं की समजायचं, हा खंडन करत नाहीये, आपल्याच बाजूचे मुद्दे परत वाचतोय. यावर उपाय साधा आहे, आधी समोरच्यांचे संभाव्य पाच मुद्दे काढायचे आणि प्रत्येकाला दोन ओळींचं उत्तर वेगळ्या कार्डावर लिहायचं. इमर्जन्सीच्या कार्डावर, 'ऑफिसचा फोन आहेच, बंदी वर्गात आहे, शाळेत नाही'. मग स्टेजवर फक्त लागेल ते कार्ड उचलायचं.

माझं मत विचाराल तर रोलच घ्या, फक्त ही कार्डं चौघांनी मिळून बनवा. आणि समारोपवाल्याने आधीपासून भाषण लिहून आणू नये (हे कुणी ऐकत नाही). त्याने कागदाच्या मधोमध रेघ मारायची, डावीकडे समोरच्यांचा मुद्दा, उजवीकडे आपलं उत्तर, आणि जिथे उजवी बाजू कोरी राहिली ते खंडनवाल्याची बोलायची पाळी येण्याआधी त्याला चिठ्ठीवर कळवायचं. समारोपात नवा मुद्दा काढायचा नाही, कारण समोरच्यांना उत्तर द्यायला वेळच उरलेला नसतो आणि परीक्षक तो बहुतेक वेळा धरतच नाहीत.

दोन्ही बाजू एकाच ग्रुपच्या असतील तर मुद्द्यांची नुसती शीर्षकं आदल्या दिवशी एकमेकांना द्या, पुरावे आणि उदाहरणं नकोत. सगळंच सांगितलं तर खंडन पाठ केलेल्या नाटकासारखं वाटतं आणि काहीच नाही सांगितलं तर दोन बाजू दोन वेगळ्याच विषयांवर बोलत राहतात.