नथ फोटोतली आणि नथ हातातली: रेफरन्स फोटो देऊन वस्तू बदलणाऱ्या टूल्सचा काही महिन्यांचा अनुभव

ज्या ऑनलाइन सेवेचे पैसे मी दर महिन्याला भरत होते, ती परवा बंद केली. भांडण एका वाक्यावरून झालं. त्यांच्या जाहिरातीत लिहिलंय की तुमच्या वस्तूचा फोटो द्या, तीच वस्तू हुबेहूब दुसऱ्या फोटोत बसेल. मी नथीच्या शेपटाचे मोती कमी आलेले फोटो पाठवून क्रेडिट परत मागितले, तर उत्तर आलं की निकाल रेफरन्सवर ‘आधारित’ असतो, थोडा फरक पडणारच. दागिन्यात थोडा फरक म्हणजे दुसरा दागिना. माझी जाऊ घरी नथी गुंफते आणि फोटोंचं काम माझ्याकडे आहे. पुतणीचं एक फोटोसेशन एकदाच नीट करून घेतलंय. प्रत्येक नव्या डिझाइनसाठी तिला पुन्हा बसवायचं, मेकअप, लाइट, सगळा खर्च पुन्हा करायचा, हे परवडत नाही. म्हणून जुन्या फोटोतली नथ काढून तिथे नवी बसवायची, एवढंच मला हवं होतं.

फोटोतली वस्तू बदलणारी ही एआय टूल्स काय असतात हे वाचणाऱ्यांना माहीत आहे असं धरते. मी फक्त एकाच गोष्टीबद्दल लिहितेय: डिझाइन तंतोतंत राहतं का.

ज्या नथीवर मी सगळं तपासलं तिच्यात मधे लाल खडा, भोवती सात मोती आणि खाली वळणाऱ्या शेपटावर पाच मोती आहेत, एकाहून एक लहान होत गेलेले. ते उतरते मोती निवडण्यात जावेचा अर्धा दिवस जातो. टूलने काढलेल्या नथीत हे पाच मोती बहुतेक वेळा एका मापाचे येतात, कधी चार, कधी सहा. खडा थेंबासारखा आहे, तो गोल होतो. तारेचे वेढे एकमेकांत मिसळून सोन्याची पट्टी होते. लांबून बघितलं तर फोटो सुंदर असतो, हीच खरी अडचण, कारण घाईत तो पुढे पाठवला जातो आणि गिऱ्हाइकाला मिळते ती नथ वेगळी.

सुरुवातीला मला वाटत होतं की रेफरन्सचा जोर वाढवणारा स्लायडर नीट लावला की झालं. तो पुढे नेला की नथ जास्त ‘आपल्यासारखी’ दिसते, पण मोती मोजले की पुन्हा तेच. कारण समजलं ते रेफरन्स फोटो मॉडेलपर्यंत पोचवणाऱ्या आयपी-अडॅप्टर या पद्धतीची रचना वाचल्यावर. २०२३ साली आलेली ही पद्धत अशी की रेफरन्स फोटो आधी एका ‘बघणाऱ्या’ मॉडेलकडे जातो. ते मॉडेल फोटो २२४ बाय २२४ पिक्सेलचा करून बघतं, आणि जे बघितलं त्याचं सार मोजक्या टोकनमध्ये, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्यांत, पुढे देतं. साध्या प्रकारात चार, ‘प्लस’ प्रकारात सोळा. माझ्या फोनच्या फोटोत नथ रुंदीचा पाचवा हिस्सा होती. २२४ चा पाचवा हिस्सा म्हणजे पंचेचाळीस पिक्सेल, आणि त्यात शेपटाचा एक मोती तीन पिक्सेलचा. त्यावरून मोत्यांचा उतार कोण ओळखणार? स्लायडर कितीही ढकलला तरी जे टिपलंच गेलं नाही ते येणार नाही. शिवाय उभा फोटो दिला तर बऱ्याच ठिकाणी मधला चौकोनच घेतला जातो, वरचं-खालचं कापलं जातं. रेफरन्स चौकोनी करून नथीने तो भरून टाकला, एवढ्यानेच मला स्लायडरपेक्षा जास्त फायदा झाला.

शब्दांचाही त्रास होतो. प्रॉम्प्टमध्ये nath किंवा nose ring लिहिलं की मोठी गोल रिंग आणि कानापर्यंत साखळी असलेली उत्तरेकडची नथ आत शिरायला बघते. मॉडेलला ती जास्त ओळखीची आहे, आणि रेफरन्समधून जी माहिती पोचत नाही ती जागा ओळखीच्या गोष्टीने भरली जाते. दागिन्याचं नावच घेऊ नये. ‘डावीकडच्या चित्रातली वस्तू’ एवढंच इंग्रजीत लिहावं.

त्या ‘डावीकडच्या चित्रा’ने माझं मत बदललं. नथीचा फोटो आणि चेहऱ्याचा फोटो शेजारी-शेजारी एकाच कॅनव्हासवर ठेवायचे, उजवीकडे नाकाजवळ मास्क लावायचा आणि तेवढीच जागा भरायला सांगायची. मग नथ कोणा मधल्या मॉडेलच्या सारांशातून येत नाही. भरणाऱ्या मॉडेलला ती त्याच कॅनव्हासवर दिसत असते आणि ते तिथून उचलतं. २०२५ मध्ये आलेल्या क्वेन-इमेज-एडिटसारख्या मॉडेलमध्ये रेफरन्स अशाच थेट मार्गानेही आत जातो. ते अपाचे २.० परवान्याखाली खुलं आहे, दर महिन्याला पैसे द्यावे लागत नाहीत, फक्त ग्राफिक्स कार्ड बऱ्यापैकी लागतं. भाच्याच्या गेमिंग पीसीवर मी ते हलक्या केलेल्या रूपात चालवते. खडा थेंबासारखा राहिला, सात मोती सातच आले. त्या दिवशी वाटलं की प्रश्न सुटला.

पण शेपटाचे मोती तरी पुन्हा एका मापाचे! इथे कारण दुसरं निघालं, आणि ज्यांची वस्तू बारीक कामाची आहे त्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. ही मॉडेल्स चित्र काढताना पिक्सेलवर काम करत नाहीत. आधी चित्र दाबून लहान केलं जातं, आठ बाय आठ पिक्सेलचं एक घर होतं, आणि सगळं काम त्या घरांवर चालतं. पुतणीचा फोटो कमरेपर्यंतचा आहे. तो १०२४ पिक्सेल रुंद केला की नथ जेमतेम पंच्याऐंशी पिक्सेलची उरते, म्हणजे दहा-अकरा घरं, आणि शेपटाचा मोती एका घरापेक्षाही लहान. उपाय साधा आहे. पूर्ण फोटो द्यायचाच नाही. मूळ मोठ्या फोटोतून नाकाभोवतीचा ५०० पिक्सेलचा चौकोन कापायचा, तो १०२४ पर्यंत मोठा करायचा, त्यावर काम करायचं आणि मग परत जागेवर शिवायचा. आता नथ अर्धा चौकोन व्यापते, मोत्याला चार-चार घरं मिळतात. ही मॉडेल्स चालवायच्या कम्फीयूआय या प्रोग्रॅममध्ये कापून परत शिवणारे नोड तयार मिळतात. मोत्यांचा उतार पहिल्यांदा दिसला तो इथे.

तरीही दर वेळी खात्री नाही. एकदा बरोबर, पुढच्या वेळी शेवटचे दोन मोती चिकटलेले. शिवाय मॉडेल हाताचं काम ‘सुधारतं’. आमच्या नथीतला वरचा एक मोती किंचित कलता बसतो, तारेचा पीळ तिथे येतो म्हणून. मॉडेल तो सरळ करून टाकतं. मला तो कलताच हवा आहे, कारण डबीत निघणारी नथ तशीच आहे.

म्हणून आता माझी पद्धत अशी आहे की नथ मॉडेलला काढूच देत नाही. आधी जुनी नथ पुसून नाक स्वच्छ करून घेते, हे काम ती टूल्स उत्तम करतात. मग खऱ्या नथीचा फोटो मास्क करून गिंप या फोटो-एडिटरमध्ये नाकावर ठेवते. दुसऱ्या फेरीत फक्त नथीच्या भोवतालची त्वचा मास्क करून मॉडेलला सावली काढायला सांगते, कारण सावलीशिवाय नथ स्टिकरसारखी दिसते. तिसऱ्या फेरीत सगळ्या चौकोनावर denoise, म्हणजे मॉडेलने चित्र किती बदलायचं ते प्रमाण, ०.२ ते ०.२५ ठेवून उजेड एकसारखा करते. त्याहून वर गेलं की मोती हलायला लागतात. या हलक्या फेरीतही बारकावे थोडे विरघळतात, ते मूळ फोटोतून परत आणायचे:

```
निकाल = blur(तयार चित्र) + (मूळ नथ − blur(मूळ नथ))
```

म्हणजे रंग आणि उजेड तयार चित्राचा, आणि कडा, तार, मोत्यांच्या रेषा खऱ्या नथीच्या. गिंपमध्ये मूळ नथीच्या थराच्या वर त्याचीच धूसर केलेली प्रत `Grain extract` मोडमध्ये ठेवायची, बाकीचे थर लपवून `New from Visible` करून जो थर मिळेल तो धूसर केलेल्या तयार चित्रावर `Grain merge` मोडमध्ये ठेवायचा, आणि हे सगळं फक्त नथीच्या मास्कपुरतं. धूसरपणा मी सर्वांत लहान मोत्याच्या पाव रुंदीइतका, साधारण ८ पिक्सेल ठेवते. जास्त ठेवला तर मूळ फोटोतला उजेडही मागे येतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

तपासायला मूळ नथ आणि तयार चित्र हे दोन्ही थर `Difference` मोडमध्ये बघायचे. नथ सगळीकडे सारखी काळी दिसली तर ती हललेली नाही. एखाद्या मोत्याभोवती उजळ चंद्रकोर दिसली, तर तो सरकलाय आणि हे जोडकाम तिथे दुहेरी कड देणार. मग denoise कमी करून तिसरी फेरी परत. शेवटी वेगळ्या थरावर प्रत्येक मोत्यावर एक ठिपका देऊन मोजते. नुसत्या डोळ्यांनी मोजू नका, सुंदर फोटोत डोळा फसतो.

या पद्धतीला मर्यादा आहे आणि ती मोठी आहे. नथ ज्या कोनातून काढली त्याच कोनातून ती बसते. थोडं वळवणं चालतं, पण तीन-चतुर्थांश वळलेल्या चेहऱ्यावर समोरून काढलेली नथ बसवली की मॉडेलला न दिसलेली बाजू कल्पनेने भरावी लागते, आणि तिथे परत कुठलीतरी दुसरीच नथ तयार होते. म्हणून आता मी फोटो उलट क्रमाने काढते. आधी पुतणीचा फोटो बघते, खिडकी कुठल्या बाजूला आहे ते बघते, आणि नथ त्याच कोनात, त्याच बाजूने उजेड घेऊन काढते. पाठीमागे पांढरा कागद ठेवत नाही, कातडीच्या रंगाचा ठेवते. मोती आणि सोनं आजूबाजूचा रंग पकडतात, आणि पांढऱ्यावर काढलेल्या मोत्याला गालावर ठेवल्यावर जी पांढरी कड येते ती कुठल्याच फेरीत जात नाही.

आणखी एक, कारण हे मी इतरांच्या कॅटलॉगमध्ये सारखं बघते: नथ डाव्या नाकपुडीत घालतात. काही टूल्स कोन जुळवायला वस्तू आरशातल्यासारखी उलटी करतात, आणि सेल्फी कॅमेऱ्याचा फोटो तर कित्येक फोनवर आधीच उलटा असतो. नथ दोन्हीकडून सारखी नसते, शेपटाची दिशा उलटली की ती आमची नथच राहिली नाही.

पैशांचं सांगायचं तर, ज्यांचा माल साधा आहे, एकरंगी डबा, कप, कुशन, त्यांना शेजारी-शेजारी ठेवण्याची पद्धत कापून-शिवून पुरेल, पुढच्या फेऱ्यांची गरज नाही. मोती, कशिदा, पैठणीचा पदर, कोल्हापुरी चपलेची वेणी असं काही असेल, तर कुठल्याही महिन्याच्या वर्गणीआधी त्यांच्या फुकटच्या चाचणीत आपली सर्वांत बारीक वस्तू घाला, निकाल दुप्पट मोठा करून उघडा आणि मोजा. माझ्या सेवेने अजून क्रेडिट परत केलेले नाहीत. मेल पाठवत राहणार आहे, प्रत्येक मेलला ठिपके दिलेला फोटो जोडून.