प्रेशरमीटरचा कुठला मॉड्युलस सेटलमेंटला घ्यायचा?

रिपोर्टमध्ये दोन आकडे येतात, पहिल्या लोडिंगचा E_M आणि अनलोड-रीलोड लूपचा E_r, आणि E_r कित्येक पट मोठा दिसला की लोक गोंधळतात.

बोअरच्या दर्जाचं बघितलं तर E_M नाजूक आहे. ड्रिलिंगने भिंत सैल झाली की कर्व्हचा सरळ भाग आडवा होतो, दाब थोडा वाढला तरी व्हॉल्यूम भरपूर वाढतो आणि E_M पडतो. लूपवर याचा परिणाम खूप कमी, पण तो किती स्ट्रेनवर घेतला ते लिहिलेलं नसेल तर आकडा वापरताच येत नाही, कारण छोटा लूप म्हणजे जास्त कडक माती.

आता हिशोब. २ मीटर चौरस फूटिंग, नेट दाब २०० kPa, सिल्ट, E_M सगळीकडे १० MPa, मातीच्या प्रकारावरून ठरणारा गुणांक α = १/२. मेनार्डच्या सूत्रात शिअरचे साधारण ५ मिमी आणि दबण्याचे अडीच, मिळून साडेसात. तेच १० MPa साध्या इलॅस्टिक सूत्रात टाकले की सुमारे ३१ मिमी! माती तीच हं. मेनार्डचं सूत्र α धरून E_M साठीच बसवलेलं आहे, म्हणून त्यात E_r टाकला तर सेटलमेंट फसवं कमी येतं.

नेहमीच्या फूटिंगला, बोअर चांगलं असेल तर, E_M आणि मेनार्ड पुरे. खोदकामानंतर परत लोड येणारा राफ्ट किंवा फायनाइट एलिमेंट मॉडेल असेल तर E_r, तोही स्ट्रेननुसार कमी करून.