Tracker सात महिने वापरल्यावर: कोन बरोबर, पल्ला चुकीचा

परभणीत अकरावीला भौतिकशास्त्र शिकवतो. प्रक्षेप्य गतीच्या प्रॅक्टिकलसाठी Tracker हे मोफत सॉफ्टवेअर जूनपासून वापरतोय. मैदानावर चेंडू फेकायचा, फोनवर बाजूने व्हिडिओ घ्यायचा, मग लॅपटॉपवर फ्रेममागून फ्रेम चेंडूवर खूण करायची. तीन-चार फेकींत पोरांचा हात बसतो.

पहिल्याच महिन्यात आम्ही फसलो, आणि तो धडा सगळ्यात मोलाचा ठरला. व्हिडिओवरून पल्ला ११ मीटर आला. टेप धरून मोजला तर ८.१५! कोन मात्र ४३ अंश, आणि तो बरोबर होता. पोरं म्हणाली, "सर, एक बरोबर अन् एक चूक, असं कसं?"

चूक पट्टीत होती. सॉफ्टवेअरला माप कळावं म्हणून Calibration Stick व्हिडिओतल्या मीटरपट्टीवर बसवावी लागते. आमची पट्टी मागच्या भिंतीला टेकवलेली. फोनपासून चेंडूची वाट ९ मीटरवर, भिंत १२ मीटरवर. लांबची पट्टी लहान दिसते, म्हणून प्रत्येक अंतर १२/९, म्हणजे १.३३ पट मोठं मोजलं गेलं. कोन हा उभ्या आणि आडव्या वेगाच्या गुणोत्तरातून येतो. दोन्ही सारखेच फुगले, त्यामुळे कोनाला धक्का लागला नाही.

ही चूक टेपशिवायही पकडता येते. Data Tool मध्ये y आणि t च्या आलेखाला Parabola बसवा:

```
y = A*t^2 + B*t + C
```

A ची दुप्पट, चिन्ह सोडून, म्हणजे g. आमचा g १३.१ आला होता. आता g ९.८ च्या आसपास नसेल तर मी पुढचं काही लिहूच देत नाही. स्लो-मोशनचीही चोरी इथेच सापडते: १२० फ्रेमचा व्हिडिओ ३० चा समजून वाचला की g सोळा पटीने घटून ०.६ दिसतो.

पट्टी चेंडूच्या वाटेवर, फेकणाऱ्याच्या पायाशी उभी धरली आणि तोच व्हिडिओ पुन्हा घेतला. आडवा वेग ६.०, उभा ५.६ मीटर प्रति सेकंद, कोन तोच ४३. तरी पोरांनी पुस्तकातल्या सूत्राने पल्ला काढला तो ६.८६. ते सूत्र चेंडू सुटला त्याच उंचीवर परत येतो असं धरतं. आमचा चेंडू हातातून १.६ मीटरवर सुटत होता. जमिनीवर यायला १.३८ सेकंद लागतात, म्हणून पल्ला ८.२८. टेपशी उरलेला फरक मुख्यतः हवेचा. लेदरच्या चेंडूला तो एवढाच राहतो; टेनिसचा हलका चेंडू घेतला की वाढतो, म्हणून तो आम्ही बंद केला.