झोपताना दीड मिली: लघवी उलटी जाणाऱ्या बाळाला पंधरा महिने औषध दिल्यानंतरचा अनुभव

आमचे घर परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आहे. मुलगा दोन महिन्यांचा असताना त्याला सर्दी-खोकला काही नसताना ताप आला. लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय हा जंतू निघाला, तो ताप उतरल्यावर छत्रपती संभाजीनगरला एमसीयू, म्हणजे मूत्राशयात नळीने औषध भरून एक्स-रे काढण्याची तपासणी झाली आणि डाव्या बाजूला चौथ्या श्रेणीचा रिफ्लक्स असल्याचे कळले. मूत्राशयात उतरलेली लघवी पुन्हा वर, किडनीकडे उलटते, असा तो दोष आहे. त्याच्या पाच श्रेणी असतात. मुलगा असल्यामुळे मूत्रमार्गात पडद्याचा अडथळा नाही ना, हेही त्याच तपासणीत पाहिले गेले, तो नव्हता. त्या दिवसापासून, पुन्हा संसर्ग होऊ नये म्हणून, रोज रात्री कमी मात्रेचे प्रतिजैविक सुरू झाले. मूल आता सतरा महिन्यांचे आहे.

पहिले औषध सेफॅलेक्सिन होते, दर किलो वजनामागे 10 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. वजन तेव्हा 4.6 किलो होते, म्हणजे सुमारे 45 मिलिग्रॅम. आमच्या बाटलीत 5 मिलीत 125 मिलिग्रॅम होते, म्हणून 1.8 मिली. को-ट्रायमॉक्साझोल लगेच का दिले नाही, असे विचारल्यावर डॉक्टरांनी सांगितले की अगदी लहान बाळात त्यातील सल्फा घटक कावीळ मेंदूपर्यंत पोहोचण्याचा धोका वाढवतो, त्यामुळे पहिले काही महिने ते टाळतात. सेफॅलेक्सिनची मला मुख्य अडचण वाटली ती साठवणीची. भुकटीत पाणी घालून तयार केलेले हे औषध थंड जागी ठेवावे लागते आणि थोड्याच दिवसांत टाकून नवी बाटली उघडावी लागते. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज गेली की फ्रिज म्हणजे नुसते कपाट.

साडेतीन महिन्यांचा झाल्यावर को-ट्रायमॉक्साझोल सुरू झाले. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागली. या औषधात दोन घटक असतात आणि मात्रा मोजायची ती केवळ ट्रायमेथोप्रिम या घटकावरून. बाटलीवर 5 मिलीत 40 मिलिग्रॅम ट्रायमेथोप्रिम आणि 200 मिलिग्रॅम सल्फामेथॉक्साझोल असे लिहिलेले होते, म्हणजे 1 मिलीत 8 मिलिग्रॅम. आम्हाला दर किलोमागे 2 मिलिग्रॅम सांगितले होते. वजन 6 किलो, म्हणून 12 मिलिग्रॅम, म्हणजेच 1.5 मिली. दोन्ही घटकांची बेरीज धरून कोणी हिशेब केला, तर मात्रा एकदम सहावा हिस्सा होईल. हे औषध बाटलीच्या तळाशी बसते, म्हणून चांगले हलवूनच सिरिंजने ओढायचे. घरातील चमचा मी पहिल्याच आठवड्यात बाजूला ठेवला, कारण त्यात कधी 3 मिली मावायचे, तर कधी 5.

झोपताना का, याचे उत्तर सोपे आहे: मोठे मूल रात्रभर लघवी धरून ठेवते, त्यामुळे औषध मूत्राशयात जास्त वेळ टिकते. आमचे बाळ रात्रीतून तीन-चार वेळा दुपटे ओले करत असे, त्यामुळे ते कारण त्याला किती लागू होते हे मी सांगू शकत नाही. पण रोजची एकच ठरलेली वेळ असल्यामुळे डोस चुकण्याचे प्रमाण मात्र कमी झाले. कधी चुकलाच, तर दुसऱ्या रात्री दुप्पट दिला नाही.

माझी चूक वेगळीच होती. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होत असे, ताई ते कार्डावर मांडत असत, आणि मी ते कौतुकाने पाहत असे. पण ते वजन आणि सिरिंजवरची 1.5 ची रेघ यांचा संबंध मी सहा-सात महिने जोडलाच नाही. दहाव्या महिन्यात वजन 8.4 किलो झाले होते. 12 मिलिग्रॅमला 8.4 ने भागले, तर दर किलोमागे 1.4 मिलिग्रॅमच पडत होते. फोनवर विचारले, तेव्हा डॉक्टर रागावले नाहीत. ही मात्रा 1 ते 2 मिलिग्रॅमच्या मर्यादेत आहे, पण आपण 2 ठरवली होती, तेव्हा 2.1 मिली करा, असे त्यांनी सांगितले. त्यानंतर प्रत्येक वजनाच्या दिवशी नवा आकडा काढून बाटलीवर चिकटवण्याची पद्धत ठेवली आहे.

मात्रा वाढवल्यानंतर महिन्याभराने 102 अंश ताप आला. गावातील दवाखान्यात लगेच दुसरे प्रतिजैविक सुरू करण्याचे ठरत होते. मी आधी लघवीचा नमुना घ्या, असा आग्रह धरला, कारण औषधाचा पहिला डोस पोटात गेला की कल्चरमध्ये जंतू उगवेलच याचा भरवसा राहत नाही. नमुना नळी घालून घेतला. चिकटवायच्या पिशवीत त्वचेवरील जंतू मिसळतात आणि अहवाल फसवा येतो. पुन्हा ई. कोलायच निघाला, आणि तो को-ट्रायमॉक्साझोलला दाद न देणारा होता. रोजचे औषध थांबवून अहवालात लागू पडणाऱ्या दुसऱ्या औषधाचा पूर्ण मात्रेचा कोर्स झाला. रात्रीचा डोस दुप्पट करून हा ताप उतरला नसता, ही बाब सासूबाईंना समजावून सांगायला मला बराच वेळ लागला. आधीच्या कमी मात्रेमुळे हे घडले का, हे मी डॉक्टरांना विचारले. तसे म्हणता येणार नाही, असे जंतू पूर्ण मात्रा घेणाऱ्या मुलांतही टिकून वाढतात, असे त्यांचे उत्तर होते.

त्यांनी 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचा दाखलाही दिला. 607 मुलांना दोन वर्षे को-ट्रायमॉक्साझोल किंवा त्यासारखे दिसणारे निरुपद्रवी सिरप दिले होते. औषधाच्या गटात पुन्हा होणारा संसर्ग जवळपास निम्मा झाला, पण किडनीवरील नव्या व्रणांत फरक दिसला नाही, आणि जो संसर्ग झाला तो औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंचा असण्याचे प्रमाण वाढले. त्या चाचणीत दहापैकी नऊ मुली होत्या, त्यामुळे आमच्या मुलाला ते आकडे जसेच्या तसे लावू नका, हेही त्यांनीच सांगितले. माझ्या मते, हे औषध सुरू करणाऱ्या प्रत्येक आईवडिलांना ही गोष्ट पहिल्याच भेटीत कळायला हवी; मला ती नऊ महिन्यांनी कळली.

सध्या नायट्रोफ्युरँटॉइन चालू आहे, दर किलोमागे 1 मिलिग्रॅम. सुरुवातीला वजन 8.8 किलो आणि 5 मिलीत 25 मिलिग्रॅम, म्हणून 1.75 मिली. त्याआधी जी-6-पीडीची रक्ततपासणी करून घेतली, कारण त्या विकराची कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटू शकतात. हे औषध रक्तात फारसे साठत नाही आणि लघवीतच एकवटते. म्हणून आतड्यातील जंतूंवर त्याचा ताण कमी पडतो आणि म्हणूनच ताप आलेल्या किडनीच्या संसर्गावर ते उपचार म्हणून चालत नाही. रिकाम्या पोटी दिले की लेकरू ओकते, त्यामुळे खिमट भरवल्यावरच देतो. लघवी गडद पिवळी-तपकिरी होते आणि दुपट्यांवर डाग राहतात, ही निरुपद्रवी गोष्ट मात्र आधी कोणी न सांगितल्यामुळे एक रात्र आम्ही उगाच जागून काढली. गेल्या सहा महिन्यांत संसर्ग झालेला नाही.

किती काळ द्यायचे, याचे उत्तर श्रेणीवर अवलंबून आहे. पहिल्या-दुसऱ्या श्रेणीत, संसर्ग पुन्हा होत नसेल, तर मूल वर्षाचे झाल्यावर थांबवून पाहतात. आमच्यासारख्या वरच्या श्रेणीत मूल शी-शू सांगू लागेपर्यंत, लघवी अडवण्याची सवय किंवा बद्धकोष्ठ असेल तर ते सुटेपर्यंत आणि तापाच्या संसर्गाविना किमान एक वर्ष जाईपर्यंत चालू ठेवायचे, असे आम्हाला सांगितले आहे. मधल्या संसर्गामुळे आमचे ते वर्ष अकराव्या महिन्यापासून नव्याने मोजले जात आहे. किडनीवरील व्रण दाखवणाऱ्या पहिल्या डीएमएसए स्कॅनमध्ये डाव्या किडनीच्या वरच्या टोकाला लहान व्रण दिसला होता. दुसरा स्कॅन पुढील महिन्यात आहे, आणि त्यावरूनच शस्त्रक्रियेचा विषय काढायचा की नाही हे ठरणार आहे. आज वजन 9.8 किलो भरले, त्यामुळे बाटलीवर 1.95 लिहिले आहे.