जी-नाइन केळीची टिश्यूकल्चर रोपं: ट्रेमधली आणून वाढवायची की पिशवीतली तयार घ्यायची?

निपाणी-सदलग्याकडं उसाचा खोडवा मोडून केळी करायची ठरली की पहिला सवाल दराचाच निघतो. ट्रेमधलं रोप स्वस्त, पिशवीतलं महाग. मग ट्रेमधलंच आणून आपल्या शेडनेटखाली वाढवलं तर काय बिघडलं? मी दोन्ही करून बघितलंय. फरक नुसता दोन महिन्यांच्या वयाचा नाही. त्या दोन महिन्यांत रोप घट्ट होतं, आणि वाईट रोप ओळखू यायला लागतं. ही ओळखायची जबाबदारी कोणावर, हे ठरवायचंय.

आधी लॅबमध्ये काय होतं ते थोडक्यात. निरोगी, विषाणू तपासलेल्या झाडाचा तलवारी मुनवा घेतात, सोलत सोलत आतला कोंब काढतात, निर्जंतुक करून साखर, क्षार आणि कोंब फुटवणारं सायटोकायनिन असलेल्या माध्यमावर बाटलीत ठेवतात. कोंबाला बगलेतून नवे कोंब फुटतात. तीन-चार आठवड्यांनी ते वेगळे करून पुन्हा नव्या बाटलीत घालतात. ही एक फेरी. अशा फेऱ्या झाल्या की शेवटी मुळं फुटायच्या माध्यमात ठेवतात.

फेऱ्या किती, यावर सगळं अवलंबून आहे. धरा, दर फेरीला कोंब दुप्पट होतात. एका कोंबाचे आठ फेऱ्यांत २५६ होतात आणि दहा फेऱ्यांत १,०२४. म्हणजे दोनच फेऱ्या वाढवल्या की चौपट माल. चांगल्या लॅब साधारण आठाच्या आसपास थांबतात, कारण फेऱ्या वाढतील तशी, आणि सायटोकायनिन जादा पडेल तशी, काही कोंबांत वाणबदल होतो. याला सोमाक्लोनल व्हेरिएशन म्हणतात. बगलेतल्या डोळ्यातून न येता जखमेच्या जागी नव्यानं फुटलेल्या कोंबात हा धोका जास्त. आणि बदल तिसऱ्या फेरीला झाला असेल तर त्या एका कोंबाचे आठव्या फेरीपर्यंत ३२ होतात. म्हणून बिघडलेली रोपं सगळीकडं सारखी विखुरलेली नसतात. एकाच बॅचमध्ये ती गठ्ठ्यानं सापडतात.

जी-नाइनसारख्या कॅव्हेंडिश गटात सगळ्यात जास्त दिसतं ते बुटकेपण. बाटलीत ते कळत नाही, ट्रेमध्येही नीट कळत नाही. पिशवीत पाच-सहा पानं झाल्यावर कळतं.

रोप बाहेरच्या हवेला घट्ट करायचं, म्हणजे हार्डनिंगचं, कारण डोळ्यांनी बघायचं असेल तर बाटलीतलं रोप काढून टेबलावर ठेवा. थोड्याच वेळात पान मान टाकतं. आतली हवा ओलाव्यानं भरलेली असल्यानं पानावर मेणाचा थर बनलेला नसतो, आणि पानाची रंध्रं वेळेवर मिटत नाहीत. म्हणून लॅबवाले मुळांवरचं माध्यम धुऊन कोकोपीटच्या ट्रेमध्ये लावतात, आधी जवळजवळ पूर्ण ओलाव्यात आणि मग हळूहळू कोरड्या हवेत, पाच-सहा आठवडे. हे पहिलं हार्डनिंग. ट्रेमधलं रोप म्हणजे इथपर्यंत आलेलं. पुढचे सहा-आठ आठवडे पिशवीत, साधारण ५० टक्के सावलीत, हे दुसरं.

आता आपल्या भागाचा विचार करा. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात लावण करायची तर ट्रे एप्रिलअखेर आणावे लागतात. अथणी-रायबागकडं तेव्हा ऊन भाजून काढतं आणि हवा कोरडी ठणठणीत असते. पहिले आठ-दहा दिवस बांबूच्या कमानीवर प्लॅस्टिक टाकून दिवसातून तीन-चार वेळा बारीक फवारा मारता आला नाही तर कडेची रोपं जळतात, पानाची कड कागदासारखी होते. खानापूरकडं उलटं. पाऊस लागल्यावर पिशव्या भरल्या तर पाणी साचून बुंधा कुजतो. तिथं पिशवीला खालून भोकं नीट आहेत का, हे पाण्यापेक्षा महत्त्वाचं. पोयटा, वाळू आणि कुजलेलं शेणखत सारख्या भागांत घेतलं तर निचरा होतो. पण पोयटा जुन्या केळीच्या रानातला नको. सूत्रकृमी आणि मर रोगाची बुरशी त्यातूनच येते, आणि मग टिश्यूकल्चरच्या स्वच्छ रोपाचा उपयोग काय राहिला?

माझाच अनुभव सांगतो. सहा बाय पाच फुटांवर एकराला १,४५० रोपं बसतात. पहिल्या वर्षी मी तेवढीच पिशवीतली घेतली आणि गाडी थेट रानात उतरवली. चौथ्या महिन्यात बघतो तर एका पट्ट्यात ४३ झाडं खुजी. पानाचे देठ आखूड, पानं एकाच ठिकाणी चिकटून बसल्यासारखी, रुंद, गडद हिरवी. शेजारच्या झाडाइतकंच खत आणि ड्रिप त्यांनाही. घड बाहेर पडताना गळ्याशीच अडकले, फण्या दबलेल्या. ज्या नर्सरीतून घेतली तिथं ती निवडून काढलीच नव्हती, आणि गाडीवर चढवण्याआधी मीही बघितलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी ट्रेमधली १,६५० आणली. पिशवीत ९० मेली, बहुतेक पहिल्या दहा दिवसांत. उरलेल्यांतून २७ बुटकी आणि चार पांढऱ्या चट्ट्यांची मी स्वतः काढून टाकली. १,४५० लावून ७९ उरली, ती नांग्या भरायला ठेवली. रानात एकही बुटकं झाड गेलं नाही. पण दोन महिने बायको आणि मी आळीपाळीनं शेडनेटपाशी होतो, लग्नसराईतसुद्धा. ही मजुरी हिशोबात धरली तर दरातला फरक बराचसा आटतो.

बुटकं आणि मागं पडलेलं यात गल्लत होते, म्हणून पिशवीपाशी बसून बघा. मागं पडलेलं रोप लहान असतं, पण त्याचा बांधा शेजाऱ्यासारखाच: पान लांबट, दोन देठांमध्ये नीट अंतर. बुटक्याचा बांधाच बदललेला असतो. पानावर मोझेकसारखे पट्टे दिसले तर तो वाणबदल की विषाणू याचा काथ्याकूट करू नका, रोप काढून पुरा. कोवळ्या पानावरचे तांबडे-जांभळे डाग मात्र टिश्यूकल्चरच्या रोपाला असतातच. नंतर ते जातात. त्यापायी आमच्या एका पाहुण्यानं चांगली रोपं परत पाठवली होती.

मुनव्यांचा पर्याय काहीजण काढतात. जवारी राजापुरीसाठी मी आजही मुनवेच लावतो, कारण आपल्याच बागेतलं झाड आपण वर्षभर बघितलेलं असतं. पण जी-नाइन एकदम काढणीला आणून गाडी भरायची तर मुनव्यानं ते जमत नाही. शिवाय मुनव्याच्या कंदातून सोंडकिडा आणि पर्णगुच्छ घरात येतो.

तर अथणीकडं कोरड्या हवेत, पहिल्यांदाच करत असाल आणि शेडवर माणूस ठरलेला नसेल, तर पिशवीतलीच घ्या, पण नर्सरीत जाऊन स्वतः निवडून. दूधगंगा-वेदगंगेच्या काठावर पाणी हाताशी आहे आणि घरचं माणूस रोज उभं राहणार आहे, तर ट्रे आणा, लागतील त्यापेक्षा दहा-बारा टक्के जादा धरून. दोन्हीकडं बिलावर बॅच नंबर लिहून घ्या, किती फेऱ्यांची रोपं आहेत ते विचारा, आणि सगळी रोपं एकाच बॅचची घेऊ नका. पिशव्या लावतानाही बॅचप्रमाणे रांगा वेगळ्या ठेवा. एका रांगेत सहा-सात बुटकी निघाली की ती अख्खी रांग पुन्हा एकेक करून तपासायची.