जुने फोटो जोडायचे की दोघांचे नवे काढायचे?

लग्नाचा वाढदिवस, एक जण ग्वाल्हेरला, दुसरा परदेशी, आणि भिंतीवर मात्र दोघांचा एकत्र फोटो हवा. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात माझा स्टुडिओ आहे, त्यामुळे हे काम दर हिवाळ्यात येतं. बहुतेक जण घरातले दोन चांगले फोटो घेऊन येतात. माझा कल नवे फोटो काढण्याकडे आहे. तो का, हे एका जोडप्याच्या कामावरून सांगतो.

ती इथे, तो हॅम्बुर्गला. मागे ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरल्या मानमंदिर महालाची निळ्या टाइल्सची भिंत हवी होती. तिच्या सासूबाईंनी दोन फोटो आणले, त्याचा साखरपुड्यातला आणि तिचा गच्चीवरचा. दोघंही छान हसत होते, पण त्याच्या तोंडावर हॉलमधला फ्लॅश समोरून पडला होता, तर तिच्या नाकाची सावली एका गालावर स्पष्ट उतरली होती. जुने फोटो पाहताना मी आधी नाकाची सावली बघतो. दोघांची सावली एकाच बाजूला आणि सारखीच गडद नसेल, तर रंग कितीही जुळवा, चिकटवलेलं दिसतंच. मग फोटो आडवा उलटवून उजेडाची बाजू बदलायचा मोह होतो. तसं केलं की तिचा पदर डाव्या खांद्यावरून उजव्यावर जातो आणि त्याचा भांग दुसऱ्या बाजूला पडतो. घरातल्या माणसांना ते लगेच खटकतं.

नवे फोटो काढताना सुरुवात जागेपासून करायची. टाइल्सची ही भिंत दक्षिणेकडे तोंड करून आहे. तिच्यासमोर कॅमेरा धरला की सकाळचं ऊन उजवीकडून येतं आणि संध्याकाळचं डावीकडून. आम्ही मात्र ऊन घेतलंच नाही. डिसेंबरात हॅम्बुर्गला आभाळ बहुतेक वेळा भरलेलं असतं, तिथून कडक सावली आणणार कुठून? म्हणून आम्ही इथली विरळ धुक्याची सकाळ निवडली. धुक्यातून येणारा उजेड आणि ढगाळ आभाळाचा उजेड दोन्ही मऊ आणि थोडे निळसर असतात. टाइल्सची झळाळी थोडी कमी झाली, पण तिच्या, त्याच्या आणि रिकाम्या भिंतीच्या अशा तिन्ही फोटोंतला उजेड एकसारखा मिळाला. त्याला सांगितलं, घराबाहेर मोकळ्या आभाळाखाली उभा राहा, दिव्याखाली नको.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची उंची, आणि जुन्या फोटोंत नेमकी हीच हातात नसते. सपाट जमिनीवर कॅमेऱ्याच्या उंचीला असलेली प्रत्येक गोष्ट फोटोत क्षितिजाच्या रेषेवर येते. तिन्ही वेळा फोन जमिनीपासून 130 सेंमीवर, सरळ धरलेला, माणसापासून 3 मीटर. तो 175 सेंमी, ती 157. म्हणजे ती रेषा त्याच्या छातीवरून आणि तिच्या गळ्याशी गेली पाहिजे. तशी लावली की उंचीतला फरक आपोआप खरा येतो. साखरपुड्याचा फोटो बसलेल्या कोणीतरी खालून काढलेला होता. असा माणूस कितीही लहान-मोठा केला तरी शेजारच्यापेक्षा वेगळ्याच जमिनीवर उभा वाटतो.

उभं राहण्याचं म्हणाल, तर खांद्यावर हात हा हट्ट शक्यतो सोडा. खरा हात ठेवला की बोटांखाली कापड दबतं, तिथे चुण्या आणि बारीक सावली येते. रिकाम्या हवेत धरलेल्या हाताला यातलं काहीच नसतं. आम्ही तिला पुढे ठेवलं, त्याला अर्धं पाऊल मागे, एक खांदा तिच्या आड. पडद्याच्या दांडीवर 157 सेंमीवर कापड बांधून ती उभी असल्यासारखं त्याने शेजारी ठेवलं आणि मान थोडी तिकडे कलती केली. त्याचा लपलेला हात कुणाला शोधावा लागत नाही. चौकट गुडघ्यापर्यंतच ठेवली, म्हणजे पायाखालच्या सावल्या रंगवण्याचं काम वाचलं. तिच्या कडेला टेकलेल्या त्याच्या सदऱ्यावर मऊ ब्रशने हलकी सावली मात्र द्यावी लागली. ती नसती, तर दोघांमध्ये फट असल्यासारखं वाटलं असतं.

काढताना पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, तो केसांची कड खातो. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. 12 बाय 18 इंचाच्या प्रिंटला लांब बाजूला निदान 3600 पिक्सेल असावेत, आणि नेहमीसारखा पाठवलेला फोटो त्याच्या बराच खाली राहतो. जोडून झालं की चित्र कृष्णधवल करून लांबून बघा. कोणाचा चेहरा एकदम पुढे आला, तर उजेड चुकला आहे.

जुने फोटो चालतात, पण दोघांचेही सावलीतले किंवा ढगाळ दिवसाचे, छातीच्या उंचीवरून काढलेले आणि फोनमधली मूळ फाइल असलेले हवेत. जोडीदाराला आधी कळू द्यायचं नसेल, तर दुसरा इलाज नसतो. तेव्हा निवड उलट्या क्रमाने करा. त्याचा असा एक फोटो आधी शोधा, त्यातल्या उजेडाची बाजू बघा, मग किल्ल्यावर कुठल्या वेळी जायचं ते ठरवा, आणि तिचा फोटो शेवटी काढा.