एकच खाते की तीन? पगारात मोठी तफावत असलेल्या जोडप्यांसाठी

नवरा-बायकोपैकी एकाचा पगार दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक असला, की पैशाची व्यवस्था बहुधा दोनपैकी एका रीतीने लागते. एक तर दोघांचे पगार एकाच संयुक्त खात्यात जमा होतात, नाहीतर दोघांची स्वतंत्र खाती तशीच ठेवून घरखर्चापुरते तिसरे काढले जाते. आमच्या घरी पत्नी नागपूरच्या मिहानमधील एका कंपनीत नोकरी करते आणि मी कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो, त्यामुळे कमी कमावणारा मी आहे. पुढील मत त्या बाजूने आलेले आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

संयुक्त खात्याचा साधेपणा नाकारता येत नाही. गृहकर्जाचा हप्ता, शाळेची फी, मे महिन्यात कुलरमुळे फुगणारे विजेचे बिल, सारे एकाच ठिकाणाहून जाते आणि कोणी किती भरले हा प्रश्नच उरत नाही. खाते दोघांपैकी कोणालाही एकट्याने चालवता येईल असे असले, तर अडीअडचणीला दुसऱ्याच्या सहीसाठी थांबावे लागत नाही. पगार जवळपास सारखे असतील, तर याहून अधिक काही करण्याची गरज नसावी.

आमचे बिनसले ते बँकेच्या संदेशावरून. सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांचे ७४० रुपये चुकते करून मी पिशवी हातात घेत असे, तोवर तो आकडा पत्नीच्या फोनवर पोहोचलेला असे आणि घरी आल्यावर, अगदी सहज स्वरात, “ते सातशे चाळीस कशाचे?” असे विचारले जाई. संदेशात रक्कम असते, कारण नसते, म्हणून प्रश्न पडणे स्वाभाविक होते. तिच्या खर्चाचे संदेश माझ्याही फोनवर येत, परंतु तिच्या साडीबद्दल तसे विचारण्याची माझी जीभ रेटत नसे, कारण खात्यातील बहुतेक पैसे तिचेच होते. खाते दोघांच्या नावावर, पण खुलासा मात्र एकालाच द्यावा लागे. पुढे मी एटीएममधून दोन हजार काढून किरकोळ खरेदी रोखीने करू लागलो. घरातील कोणी विनाकारण रोखीकडे वळत असेल, तर व्यवस्था बिघडल्याची ती बऱ्यापैकी खात्रीची खूण आहे.

आपल्या खात्यातून दुसऱ्याला यूपीआयने खर्च करू देणाऱ्या यूपीआय सर्कल या सोयीतही हीच गोष्ट अधिक उघडपणे दिसते. त्यातील एका प्रकारात दुसऱ्याच्या प्रत्येक खर्चाला मुख्य खातेदाराने मंजुरी द्यायची असते. वृद्ध आई-वडिलांसाठी ही सोय उत्तम आहे. जोडीदारासाठी मी ती सुचवणार नाही.

तीन खात्यांच्या रीतीत खरा वाद वाटणीचा असतो. उदाहरणादाखल, एकीची कमाई ७५,००० रुपये, दुसऱ्याची २५,००० आणि सामाईक खर्च ५२,००० धरू. निम्मे-निम्मे करायचे तर प्रत्येकी २६,००० होतात, म्हणजे कमी कमावणारा पहिल्याच महिन्यात उधारीवर. कमाईच्या प्रमाणात ३९,००० आणि १३,००० भरले, तर हाती ३६,००० आणि १२,००० उरतात. दोघांच्या हाती सारखेच उरावे असे ठरवले, तर प्रत्येकी २४,००० राहतात; मात्र त्यासाठी एकीला ५१,००० आणि दुसऱ्याला अवघे १,००० भरावे लागतात. ही शेवटची वाटणी कागदावर अधिक न्याय्य दिसते, परंतु हजार रुपये भरणाऱ्याला त्या घरात पाहुणा असल्यासारखे वाटू शकते. आम्ही प्रमाणाची वाटणी धरली.

तिच्यातही कटकटी आहेत. तासिकांचे मानधन उशिरा येते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत येतच नाही, म्हणून प्रमाण महिन्यावर न काढता वर्षाच्या कमाईवर काढावे लागते आणि सामाईक खात्यात दोनेक महिन्यांचा खर्च शिल्लक ठेवावा लागतो. सामाईक कशाला म्हणायचे, हेही आधी लिहून ठेवलेले बरे. आमच्याकडे दोन्हीकडच्या आई-वडिलांची औषधे सामाईक आहेत, भावंडांना दिलेली उसनवारी ज्याची त्याची. दहा हजारांवरचा सामाईक खर्च मात्र दोघांनी विचारूनच करायचा.

एकाला उत्पन्नच नसेल, तर प्रमाणाचा हिशेब लागू होत नाही. तेव्हा पगाराच्या दिवशी ठरलेली रक्कम जोडीदाराच्या स्वतंत्र खात्यात आपोआप वळती होईल, अशी सूचना बँकेला देऊन ठेवता येते. दर महिन्याला मागावे लागणे आणि न मागता मिळणे यांत फार फरक पडतो. पैसे रोखून धरण्याची धमकी किंवा पत्नीची कमाई काढून घेणे ही गोष्ट निराळी. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाचा २००५ चा कायदा आर्थिक छळालाही हिंसाचारच मानतो, आणि तिथे खाती बदलून भागत नाही.

सामाईक खात्याचे संदेश आजही दोघांच्या फोनवर येतात, आणि किराणा किंवा विजेबद्दल विचारपूस झाली तर त्यात गैर वाटत नाही. पुस्तके आता माझ्या खात्यातून येतात. ती ठेवायची कुठे, एवढाच वाद उरला आहे.